टाकीच्या डावीकडची मगर

वर्तमानपत्रात चूक छापून येण्याआधी ती पकडायला एक माणूस हवा, असं मालकांच्या मनात आलं, तेव्हा त्या माणसाला बसायला जागाही लागेल, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही. म्हणून पडताळणी विभागाचं टेबल पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी पडलं. विभागात एकच बाई होत्या. येणारा-जाणारा पाणी प्यायला थांबला, की त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघे आणि आपलं मत देई, त्यामुळे त्यांना माणसांची उणीव अशी कधी भासली नाही.

कुठल्याशा बातमीत 'अमुक ठिकाणी भिंत पडली' असं आलं, की ती भिंत खरोखर तिथलीच आहे की पाच वर्षांपूर्वी दुसरीकडे पडलेली आहे, हे बाई शोधत. चित्रात मागे काय दिसतं ते बघायचं, उपग्रहानं वरून घेतलेले फोटो उघडायचे आणि दोन्ही जुळवायचे. सगळं ऑफिस त्यांना नकाशाबाई म्हणे. त्यांचा पहिला नियम असा होता : जे घडतंय तिकडे बघायचं नाही, मागे काय आहे तिकडे बघायचं. आग लागलेली असेल तर आग सोडून खिडक्या मोजायच्या. मारामारी असेल तर दिव्याचा खांब बघायचा. नव्या मुलांना शिकवताना त्या सांगत, "नाटक सोडा, पडदा बघा." हा नियम उत्तम आहे. या गोष्टीत जो घोळ झाला तो त्याच नियमामुळे झाला.

त्या दिवशी सकाळी बाई आल्या तेव्हा वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर सगळ्यात वर मगर होती. 'तळ्यात मगर! नौकाविहाराच्या पायऱ्यांवर मुक्त संचार.' खाली एक व्हिडिओ. संध्याकाळचा उजेड, दगडी पायऱ्या, त्यांवर काहीतरी लांबट, खवलेदार. ते हळूहळू पाण्यात सरकतं आणि चित्राबाहेर जातं. पलीकडच्या काठावर एक पाण्याची टाकी, एक धुराडं, तीन सारख्या इमारती आणि उच्च दाबाच्या तारांचा एक मनोरा.

बातमी 'सर्वप्रथम'ने दिली होती. हे त्या बातमीदाराचं नाव नव्हे. पण त्याच्या प्रत्येक बातमीत 'सर्वप्रथम आम्हीच दिलेलं वृत्त' असं एक वाक्य असे, आणि लग्नपत्रिकेतही त्यानं ते घातलं असतं, असं लोक म्हणत.

"हे आपलं तळं कशावरून?" बाईंनी विचारलं.

"मी ओळखलं की," सर्वप्रथम पाणी पीत म्हणाला. "टाकी बघा, धुराडं बघा. आपलंच आहे. डोळे आहेत मला."

"डोळे सगळ्यांना असतात. पाठवलं कुणी?"

"आलं एका ग्रुपवर."

"त्या ग्रुपवर कुठून आलं?"

"दुसऱ्या ग्रुपवरून. बाई, ग्रुपचं काय गोत्र विचारायचं असतं का?"

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. धाकटे दीर होते. तळ्यावरच्या होड्या त्यांच्याच होत्या. हंसाच्या आकाराच्या, पायानं चालवायच्या पांढऱ्या होड्या. त्यांतल्या एका हंसाची चोच धक्क्याला आपटून वाकली होती, आणि दीर तो हंस नेहमी शेवटी भाड्यानं द्यायचे.

"वहिनी, तुमच्या पेपरानं माझं दुकान बसवलं," दीर म्हणाले. "वनखात्याचा माणूस येऊन नोटीस लावून गेलाय. मगर पकडली जाईपर्यंत तळं बंद. शाळांना सुट्ट्या लागल्यात, वहिनी. हे दोन महिने गेले तर पुढचं वर्ष मी हंसांना अंडी घालायला बसवू का?"

"भाऊजी, मी बघते."

"बघते नाही, खोडून काढा. आपल्या तळ्यात कुठली मगर? बेडूकसुद्धा विचारून ओरडतात."

फोन ठेवून बाई संपादकांकडे गेल्या. संपादक सभ्य गृहस्थ होते. कुठलाही निर्णय घेण्याआधी ते चष्मा पुसत, आणि चष्मा पुसून होईपर्यंत निर्णयाची गरज संपलेली असे.

"साहेब, मगरीची पडताळणी दुसऱ्या कुणाला द्या," बाई म्हणाल्या. "त्या तळ्यावर माझ्या दिरांच्या होड्या आहेत. माझा निकाल काहीही लागला तरी लोक नातं काढतील."

संपादकांनी चष्मा काढला. "दुसरं कोण आहे तुमच्या विभागात?"

"पाण्याचं पिंप."

"मग तुम्हीच करा. फक्त प्रत्येक पायरी दाखवून करा, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको. आणि संध्याकाळच्या आत करा, वनखात्याचे साहेब मला सारखे फोन करतायत. पिंजरा कुठे लावायचा म्हणून विचारतात. मला काय माहीत मगरी कुठे बसतात?"

बाई कामाला लागल्या. आता खरं सांगायचं तर व्हिडिओ पहिल्यांदा बघतानाच त्यांच्याही मनात 'हे तर आपलंच' असं येऊन गेलं होतं. पण ओळखीचं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. ओळखीचे तर वऱ्हाडातले निम्मे लोक वाटतात. त्यांनी व्हिडिओतली चित्रं सुटी केली आणि ती आधी कुठे येऊन गेलीत का ते शोधलं. जुनं काही सापडलं नाही, सापडल्या त्या सगळ्या प्रती कालच्याच. कुठे पाटी, दुकानाचं नाव, गाडीचा नंबर दिसतो का ते पाहिलं. चित्रात अक्षर म्हणून एक नव्हतं. एक असतं तरी पुढचं रामायण टळलं असतं.

मग त्यांनी तळ्याचा उपग्रहाचा फोटो उघडला. वरून पाहिलं की पाण्याची टाकी म्हणजे नुसतं एक वर्तुळ दिसतं आणि धुराडं म्हणजे ठिपका. ओळखायचं ते सावलीवरून. वर्तुळाच्या सावलीला पाय होते, म्हणजे टाकी. ठिपक्याची सावली काठीसारखी लांब पडली होती, म्हणजे धुराडं. दोन्ही उत्तरेच्या काठापलीकडे. तीन इमारतीही होत्या, मनोराही होता. सर्वप्रथम मागे उभा राहून विजयी घोट घेत होता.

"जमलं ना?"

"थांबा. व्हिडिओत धुराडं टाकीच्या कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे."

"आणि आपल्या तळ्याच्या पायऱ्यांवर उभं राहिलं तर?"

सर्वप्रथमनं नकाशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, कुठला डावा ते ठरवलं. "उजवीकडे. पण पायऱ्यांवरून नसेल काढला. थोडं बाजूला सरकून..."

"कितीही सरका." बाईंनी टाकीतून आणि धुराड्यातून जाणारी एक सरळ रेघ पडद्यावर ओढली. "या रेघेच्या अलीकडे, म्हणजे तळ्याच्या बाजूला, तुम्ही कुठेही उभे राहा, धुराडं टाकीच्या उजवीकडेच दिसणार. डावीकडे दिसायला रेघ ओलांडून पलीकडे जायला हवं. पलीकडे काय आहे?"

"दुधाचं केंद्र."

"त्याच्या अंगणात मगर पोहू शकेल एवढं पाणी आहे?"

"दुधात घालतात तेवढं असेल," पाणी प्यायला आलेला मुद्रितशोधक म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुपारच्या आत संकेतस्थळावर बाईंची दुरुस्ती लागली, नकाशा, रेघ आणि बाणांसकट : 'मगरीचा व्हिडिओ आपल्या तळ्याचा नाही.' सर्वप्रथम आपल्या टेबलावर जाऊन असा बसला, की त्याच्याच घरी काही घडलंय असं वाटावं. बाईंना त्याची जरा दया आली. पण भूमितीपुढे दया कुठे चालते. सासूबाईंचा फोन आला. "केलंस बाई दिराचं काम," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. त्या तळ्यात मगर नसेलही. पण माझा धाकटा तिथे आहे, तेव्हा काहीतरी असणारच. लहानपणापासून पाणी दिसलं की त्यात काठी घालायची सवय आहे त्याला."

बाई हसल्या. आईला आपलं पोर कधी भोळं वाटत नाही, आणि बहुतेक वेळा आईचं बरोबर असतं.

दुपारी दीर स्वतः आले. पेढ्याबिढ्याच्या भानगडीत न पडता त्यांनी बिस्किटांचा एक मोठा पुडा आणला, पिंपाशेजारी ठेवला आणि बाईंच्या समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

"वहिनी, मानलं. ती रेघ म्हणजे रेघ आहे. छापून घेतली मी. तिकीट-खिडकीवर लावणार. वनखात्याला दाखवली की नोटीस काढतील. तुमच्यासारखी वहिनी असेल तर माणसानं आणखी दोन होड्या घ्याव्यात."

"घ्या की."

"घेतली आहे एक," दीर म्हणाले आणि एकदम बिस्किटाकडे वळले. "चहा मिळतो का हो इथे?"

बाई चहा सांगायला उठणार, तोच पडद्यावर पुन्हा तो व्हिडिओ सुरू झाला. वाचकांची पत्रं येत होती, एकानं 'शेवटचं दृश्य नीट बघा' असं लिहिलं होतं, म्हणून त्यांनी तो मोठा करून लावला होता. चित्राच्या कडेला, अगदी काठावर, क्षणभर कुणाचा तरी खांदा येतो. चौकड्यांचा शर्ट, खिसा, आणि खिशातून डोकावणारा लाल कंगवा. बाईंनी तो खांदा सकाळपासून कितीतरी वेळा पाहिला होता, पण तो पार्श्वभूमीत नव्हता. नियमानुसार त्यांनी तो सोडून दिला होता.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. समोर चौकड्यांचा शर्ट होता. त्यांनीच गेल्या वाढदिवसाला दिलेला. खिशात लाल कंगवा.

"भाऊजी, जरा उभे राहता का?"

"का हो?"

"राहा तर."

दीर उभे राहिले. खिसा डावीकडे होता, जसा सगळ्या सज्जनांच्या शर्टाला असतो. पडद्यावरच्या शर्टाचा खिसा मात्र उजवीकडे होता.

बाई पडद्याकडे वळल्या. त्यांनी एक कळ दाबून अख्खा व्हिडिओ आरशात धरावा तसा उलटा केला. खिसा डावीकडे गेला. आणि धुराडं निमूटपणे टाकीच्या उजवीकडे जाऊन उभं राहिलं.

 दीर अजून उभेच होते.

"बसू का?" ते म्हणाले.

"बसा. नाही तर पळाल."

आता बाईंना थांबवणं शक्य नव्हतं. उलट्या केलेल्या चित्रात टाकीचा एक पाय दुसऱ्या आणि तिसऱ्या इमारतीमधली फट बरोबर झाकत होता. नकाशावर त्या फटीतून त्या पायापर्यंत रेघ ओढून ती तळ्याच्या या काठापर्यंत आणली. चित्रात धुराडं आणि तारांचा मनोरा एकामागे एक आले होते. त्यांचीही रेघ ओढली. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच कॅमेरा होता, दुसरीकडे असूच शकत नव्हता. बाईंनी त्या जागी बोट ठेवलं.

"ही कसली चौकोनी जागा आहे, भाऊजी?"

दिरांनी मान वाकडी करून पाहिलं. "वरून काही कळत नाही बुवा."

"मी सांगते. तुमची तिकीट-खिडकी."

एव्हाना पिंपाशी गर्दी झाली होती. सर्वप्रथम सगळ्यात पुढे होता. त्याच्या हातात पाण्याचा पेला होता, पण पाणी प्यायचं त्याला सुचत नव्हतं.

"पुढच्या कॅमेऱ्यानं काढलंत ना?" बाईंनी विचारलं. "स्वतःचं तोंड दिसतं त्या बाजूनं?"

"हो," दीर शेवटी म्हणाले. "माझ्या फोनात त्या बाजूनं काढलं की आरशासारखं उलटंच राहतं. मला काय माहीत त्यानं टाकी इकडची तिकडे होते. मी तोंड दाखवून बोलत होतो की, या, बघा, तळ्यावर नवा पाहुणा आलाय. जाहिरात होती ती. मित्रांच्या ग्रुपवर टाकली. कुणीतरी माझं बोलणं काढलं, तोंड कापलं. मगर तेवढी ठेवली."

"म्हणजे मगर आहे," सर्वप्रथम हर्षभरित होऊन म्हणाला.

"आहे की," दीर म्हणाले. "फायबरची. दोन माणसं बसतात. पायडल आहेत. हंसांना पोरं कंटाळली, म्हणून नवी होडी केली. माझी माणसं दोरी लावून पाण्यात सोडत होती."

 बाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मगरीकडे पाहिलं. मगर शेपटीकडून पाण्यात शिरत होती. पाठीवर, खवल्यांच्या मधोमध, दोन गुळगुळीत खळगे होते. माणूस बसेल असे. सकाळपासून संपादकांनी पाहिलं, बातमीदारानं पाहिलं, वनखात्यानं पाहिलं, पाणी प्यायला आलेल्या प्रत्येकानं पाहिलं. सगळ्यांनी एकच विचारलं, ही मगर कुठली. मगर आहे का, हे कुणी विचारलंच नाही.

"सकाळी फोनवर हे सांगायला काय झालं होतं?" बाई म्हणाल्या.

"नोटीस लागली होती हो. अफवा पसरवली म्हणून माझा परवाना गेला तर? म्हटलं, आपली वहिनी हुशार आहे, काहीतरी करून हे तळं आपलं नाहीच असं दाखवेल. आणि तुम्ही दाखवलंतही. इतकं छान दाखवलंत की मलाच वाटायला लागलं, आपलं नसेल."

"हे आता मला छापावं लागणार."

"वहिनी, मी घरचा माणूस."

"म्हणून तर. बाहेरचा असता तर उद्या छापलं असतं. घरच्यासाठी आत्ता."

दिरांनी बिस्किटांचा पुडा हळूच आपल्याकडे ओढला.

संपादकांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. नंतर दुसऱ्यांदा पुसला. "म्हणजे बातमीतली जागा बरोबर होती आणि दुरुस्ती चुकीची होती."

"हो. चूक माझी. चित्र उलटं असू शकतं, हे आधी तपासायला हवं होतं. आणि बातमीतली जागा बरोबर होती, पण मगर चुकीची होती."

"मग सर्वप्रथम बरोबर की तुम्ही?"

"दोघंही चूक. पण तो जरा कमी."

हे वाक्य सर्वप्रथमनं पुढे बरेच दिवस घरी, बाहेर आणि दाढी करताना आरशासमोर म्हटलं, असं ऐकिवात आहे.

दुरुस्तीची दुरुस्ती छापून आली, दोन रेघांसकट, बाईंच्या नावानं आणि 'होड्यांचे मालक माझे दीर आहेत' या ओळीसकट. परवान्याचं काय होणार, हा प्रश्न उरला. दीर वनखात्याच्या साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. सोबतीला बाईही गेल्या, कारण सासूबाईंनी तशी आज्ञा केली होती.

साहेब कागद वाचून गंभीर झाले. "अफवा तुम्ही पसरवली असं काही दिसत नाही. तुम्ही होडीला होडी म्हणालात, कापलं दुसऱ्यानं. परवान्याला धक्का नाही."

दिरांनी सकाळपासून धरून ठेवलेला श्वास सोडला. "मग नोटीस काढा, साहेब."

"तीच अडचण आहे. नोटिशीत लिहिलंय, मगर पकडली जाईपर्यंत. मगर नव्हती म्हणून नोटीस काढायची अशी तरतूद नाही. पकडली, तर आहे."

"पण ती फायबरची आहे."

"ते मला कळतं. कागदाला कळत नाही."

बाईंनी एकदा दिरांकडे पाहिलं आणि एकदा साहेबांकडे. "साहेब, कागदात मगर कसली असावी असं काही लिहिलंय?"

साहेबांनी नोटीस पुन्हा वाचली. मागची बाजूही बघितली. नाही, लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याचा पिंजरा तळ्यावर आला. मगर दोरीनं ओढून पायऱ्यांवर घेतली तेव्हा काठावर एवढी माणसं जमली, की तेवढी अख्ख्या सुट्टीत हंसांना कधी मिळाली नव्हती. पिंजरा खऱ्या मगरीच्या मापाचा होता. त्यामुळे शेपूट बाहेर राहिली. एका कर्मचाऱ्यानं सवयीनं तिच्या तोंडाला दोरी बांधली. पावतीवर सगळे रकाने भरणं आवश्यक होतं, म्हणून ते भरले : मगर, एक. लिंग, अज्ञात. प्रकृती, उत्तम. आसनं, दोन.

नोटीस निघाली. पहिल्याच तासाला हंस संपले, वाकड्या चोचीचासुद्धा गेला. येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, मगर कधी येणार.

"ती अटकेत आहे," दीर तिकीट फाडत सांगत. "सोडवायचे प्रयत्न चाललेत."

तिकडे सर्वप्रथमनं बातमी तयार केली होती. 'सर्वप्रथम आम्हीच दाखवलेली मगर अखेर जेरबंद.' सोबत फोटो. दोन्ही पडताळणीच्या टेबलावर आणून ठेवून तो पिंपाशी पाणी पीत उभा राहिला.

बाईंनी फोटो हातात घेतला. टाकी पाहिली, धुराडं पाहिलं, ते उजवीकडे असल्याची खात्री केली. कर्मचाऱ्याच्या शर्टाचा खिसा पाहिला. डावीकडे होता. मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ पिंजऱ्याशेजारच्या कर्मचाऱ्याकडेच बघत राहिल्या.

"आता काय?" सर्वप्रथमनं धास्तावून विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "हा माणूस तरी खरा आहे ना, ते बघतेय."